छत्तीस मुलं आणि दोन नद्या

डिसेंबर उजाडला की पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर या पट्ट्यातल्या शाळांमधून स्नेहसंमेलनाच्या तालमींचा आवाज येऊ लागतो. कोळीगीत असतं, लेझीम असते, शिवराज्याभिषेक असतो आणि बहुतेक ठिकाणी 'पर्यावरण' या विषयावर एक समूहकाव्यवाचनही असतं. पंचवीस-तीस मुलं अर्धवर्तुळात उभी राहतात. एक पुढे येतं आणि म्हणतं, मी झाड. दुसरं म्हणतं, मी नदी. तिसरं म्हणतं, मी पक्षी. झाड म्हणतं मला तोडू नका, नदी म्हणते मला घाण करू नका, पक्षी म्हणतो माझं घरटं मोडू नका. शेवटी सगळे मिळून झाडं लावण्याची शपथ घेतात. पालक टाळ्या वाजवतात आणि पुढचा नाच सुरू होतो.

असे कार्यक्रम मी बरीच वर्षं पाहत आले आहे. त्यांत मुलांची मेहनत खरी असते. खोट असते ती संहितेत. आवाज तीन असतात आणि बोलणं एकच. झाडाची ओळ नदीला दिली आणि नदीची पक्ष्याला दिली तरी काही बिघडत नाही. मग वेगवेगळे आवाज हवेत कशाला? समूहवाचनाची संहिता लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की या आवाजाला असं काय ठाऊक आहे जे दुसऱ्या आवाजाला ठाऊक नाही? उत्तर सापडलं तर आवाज ठेवावा, नाहीतर गाळावा.

पनवेलच्या एका शाळेसाठी अशी संहिता लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा याच प्रश्नापासून सुरुवात केली. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पनवेलला दोन नद्या आहेत आणि दोघींचं नशीब वेगळं आहे. गाढी माथेरानच्या डोंगरातून उतरते. तिच्यावर देहरंगचं धरण आहे, पनवेल नगरपालिकेने गावाच्या पाण्यासाठी बांधलेलं. दुसरी कासाडी. ती तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून वाहते आणि तिच्या पाण्याचा वाद हरित लवादापर्यंत गेलेला आहे. शेवटी दोघींचं पाणी खाडीतच येतं. एक नदी पिण्याची, एक न पिण्याची, आणि दोघी एकाच तालुक्यात. एवढ्यावर पाच मिनिटांची कविता उभी राहू शकते.

आवाज किती आणि कुणाचे, हे आधी ठरवलं. छत्तीस मुलं होती. 'नदी'ला बारा, त्यांत सहा गाढीची आणि सहा कासाडीची. 'गाव'ला बारा. 'शहर'ला आठ. उरलेली चार मुलं एकेकटी: खाडीकाठची आगरी आजी, कारखान्यातला कामगार, एक कुत्रा, आणि हातात वही घेतलेली एक मुलगी. या वहीवाल्या मुलीला कवितेची एकही ओळ नाही. ती फक्त तारीख, आकडा, नाव सांगते, साध्या गद्यात, बातमी वाचावी तशी. लयीत बोलणाऱ्या पस्तीस जणांमध्ये एकच जण गद्य बोलतं तेव्हा ते नेमकं कानावर पडतं. आकडे कवितेच्या ओळीत कोंबले की मुलं ते गुणगुणून टाकतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मुलांची वाटणी मुलगे-मुली अशी करण्याची सवय आहे, ती इथे उपयोगाची नाही. पाचवी-सहावीपर्यंत दोघांच्या आवाजात फारसा फरक नसतो. आठवी-नववीत मुलग्यांचे आवाज फुटायला लागतात आणि मग फरक एकदम मोठा होतो. त्यामुळे वाटणी कानाने करावी. प्रत्येक मुलाने पाठ फिरवून एकच साधं वाक्य बोलावं आणि बाईंनी डोळे मिटून ऐकावं. हलका, मधला, जड असे तीन ढीग आपोआप पडतात. हलके आवाज नदीला गेले, मधले गावाला, जड शहराला. ज्यांचा आवाज नुकताच फुटतो आहे आणि मध्येच चिरकतो, त्यांना एकेकट्या ओळी देऊ नयेत. गटात ती मुलं निर्धास्त बोलतात.

मग छंद. छत्तीस जणांना एका दमात, एका वेळी उच्चारता येईल अशी ओळ लहानच हवी. आठ अक्षरांची ओळ यासाठी फार सोयीची. मुलांच्या जिभेला तिची सवय असते. ती म्हणायला साधारण दोन सेकंद लागतात आणि पुढच्या श्वासाला एक सेकंद. सत्तर ओळी केल्या तर साडेतीन मिनिटं होतात. मध्ये थांबे, पावसाचे-पानांचे आवाज आणि वहीवाल्या मुलीची वाक्यं धरून पाच मिनिटं भरतात. त्याहून लांब समूहवाचन टिकत नाही. लहान मुलं दमतात, लय मागे ओढू लागतात आणि समोरची कुजबुज सुरू होते.

सुरुवात गाढीपासून केली:

नदी (एक मूल): माथेरानच्या कुशीत
नदी (तिघं): पहिला थेंब सुटला
नदी (सहा): दगडाखाली लपला
नदी (बारा): पुन्हा उन्हात फुटला

गाव: देहरंगच्या भिंतीशी
क्षणभर ती थांबली
पनवेलच्या नळाला
सकाळी सकाळी आली

पहिल्या चार ओळींत आवाज एकापासून बारापर्यंत वाढतात. हे कागदावर सोपं दिसतं. तालमीत मात्र दर वेळी एकच गोष्ट घडते: आवाज वाढले की वेग वाढतो. जास्त मुलं बोलू लागली की मुलांना हुरूप येतो आणि चौथी ओळ पहिलीच्या दीडपट वेगाने पळते. यावर उपाय टाळीचा. बाईंनी हळू टाळी धरायची, मुलांनी टाळीवर बोलायचं, आणि काही दिवसांनी टाळी काढून घ्यायची. टाळी काढल्यावरही ओळ तेवढाच वेळ घेत असेल तर लय बसली. मोबाइलवर वेळ लावून पाहिलं की कळतं, अंदाजाने कळत नाही.

गाढीचं दुसरं रूपही सांगायला हवं होतं. पनवेलच्या जुन्या घरांत २६ जुलै २००५ची आठवण अजून निघते. मुलांचा जन्म त्यानंतरचा, पण आई-बाबांकडून त्यांनी ती ऐकलेली असते. इथे वहीवाली मुलगी पहिल्यांदा बोलते: "२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. गाढीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं." एवढंच. आणि मग:

गाव (चौघं): पाणी आलं पायरीला
गाव (बारा): पाणी आलं उंबऱ्याला
गाव आणि नदी (चोवीस): पाणी आलं ओटीवर
गाव (एक मूल): पाणी आलं देव्हाऱ्यात

चौथी ओळ छत्तीस जणांनी एकत्र ओरडून म्हणावी, असा आग्रह सगळ्यांचा होता. तसं करून पाहिलं आणि ती ओळ गोंगाटात गेली. चोवीस आवाजांनंतर एक लहान मूल एकटं बोलतं तेव्हा सभागृह पुढे झुकून ऐकतं. पूर्ण समूहाचा आवाज ही या प्रकाराची सगळ्यात मोठी ताकद आहे, म्हणून ती राखून ठेवावी लागते. पाच मिनिटांत सगळ्यांनी एकत्र बोलण्याच्या जागा तीनपेक्षा जास्त नसाव्यात, असं माझं मत झालं आहे. प्रत्येक कडव्याचं पालुपद सगळ्यांनी म्हटलं की तिसऱ्या कडव्यापासून त्याचं वजन संपतं.

पुरातल्या पावसासाठी ध्वनिमुद्रण लावलं नाही. एका तळव्यावर एक बोट, मग दोन, मग चार, मग पूर्ण टाळ्या, मग मांड्यांवर थाप. छत्तीस मुलांनी हे एकामागून एक केलं की पाऊस येतो आणि उलट क्रमाने केलं की ओसरतो. पानांसाठी 'सळसळ' हा शब्द कुजबुजत, प्रत्येकाने आपापल्या वेगाने म्हणायचा. स आणि श ही अक्षरं समूहात फसवी असतात. छत्तीस जणांचा स एका क्षणी पडत नाही, पुढे-मागे होतो आणि माइकमधून फुत्कारासारखा बाहेर येतो. पानांच्या सळसळीला तो दोष कामी येतो. बाकीच्या ओळींत स, श, ष शक्यतो शेवटी येऊ देऊ नयेत.

आता कासाडी. हा कवितेचा मधला भाग, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. ऑगस्ट २०१७मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत फिकट निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसू लागले. त्यांची छायाचित्रं जगभर छापली गेली. रंगद्रव्य वापरणाऱ्या एका कारखान्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदची कारवाई केली. आज शाळेत असलेल्या मुलांना ही गोष्ट माहीत नसते, आणि सांगितली की खरी वाटत नाही. म्हणून आधी वहीवाली मुलगी महिना आणि साल सांगते. मग गाव नदीला विचारतं, गौरी-भोंडल्याच्या गाण्यात विचारतात त्या चालीने:

गाव: कासाडीबाई, कासाडी
आज कोणता रंग गं?

कासाडी (सहा): माझा नाही हा, कुणी तो
रात्री ओतून गेला गं

कुत्रा (एकटा): मी पांढरा, मी पांढरा
काल होतो मी पांढरा
डबक्यात उतरलो
बाहेर आलो तो निळा

कुत्र्याच्या ओळी पाचवीतल्या मुलाला दिल्या होत्या. तालमीत पहिल्यांदा सगळी मुलं हसली. हसू दिलं. पुढच्या तालमीला हसू कमी झालं, नंतर थांबलं. प्रेक्षकही आधी हसतील हे धरून चालावं आणि 'बाहेर आलो तो निळा' याच्यानंतर तीन सेकंद कुणीही बोलू नये. तेवढ्या वेळात हसणं आपणच विरतं. इथे घाईने पुढची ओळ घेतली तर सगळा प्रसंग विनोदात जातो.

शांततेनंतर कामगार बोलतो:

कामगार (एकटा): माझं पोट त्या गेटात
माझी सही त्या वहीत
घर माझंही काठाशी
पण बोलू मी कोणाशी?

हा आवाज ठेवावा की नाही यावर खूप चर्चा झाली. पर्यावरणाच्या कवितेत कारखान्याच्या बाजूचा माणूस कशाला, असं काहींना वाटलं. पण या भागातल्या शाळांमध्ये अनेक मुलांचे आई-वडील त्याच वसाहतीत कामाला जातात. त्यांच्या मुलाला मंचावर उभं करून त्याच्याच घराला खलनायक ठरवणारी ओळ म्हणायला लावणं मला पटत नाही. आणि ते खरंही नाही. नदीत काय सोडायचं हे पाळीवर जाणारा माणूस ठरवत नसतो. त्याला बोलता न येणं हा या नदीच्या गोष्टीचाच भाग आहे. ही चार वाक्यं आली आणि 'शहर' गट सपाट दुष्ट राहिला नाही. सगळ्या संहितेत हा एक बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. याच कारणाने कवितेत कोणत्याही कारखान्याचं नाव घेतलेलं नाही. दोष कुणाचा हे मंडळाने आणि लवादाने ठरवायचं असतं. मुलांनी नदीची स्थिती सांगायची.

मग आजी. पनवेलच्या खाडीवर आगरी आणि कोळी घरांचं पोट पिढ्यान् पिढ्या चाललं. जिताडा, निवट्या, चिंबोरी, कोलंबी हे शब्द इथल्या मुलांच्या घरात अजून आहेत. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते, मागच्या बायका तिची ओळ झेलतात. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलतात. एकाने म्हणायचं आणि अनेकांनी झेलायचं ही रीत या मातीत आधीपासून आहे, शाळेतल्या समूहवाचनाने ती तिथूनच घ्यावी. म्हणून आजीच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मागून गाव झेलतं:

आजी (एकटी): जितारा व्हता खारीन
गाव (हळू): खारीन
आजी: चिंबोऱ्या व्हत्या बिलान
गाव: बिलान
आजी: आता रिकामं जालं गो
गाव: जालं गो
आजी: काय रांधू गो चुलीन

शेवटची ओळ कुणीही झेलत नाही. ती लोंबकळत ठेवायची.

या ओळी आगरी बोलीत आहेत आणि त्या म्हणणारी मुलगी आगरी घरातलीच असावी. बोली शिकवून येत नाही, हेल चुकतो आणि समोर बसलेल्या आज्यांना ते लगेच कळतं. मी लिहिलेली ओळही त्या मुलीने घरी नेऊन आजीला म्हणून दाखवावी आणि आजी सांगेल तशी बदलावी. गावागणिक बोली थोडी बदलते, त्यामुळे कागदावरच्या शब्दाचा हट्ट धरू नये. मुलगी शाळेत 'शुद्ध' आणि घरात 'तसं' बोलते. तिला मंचावर घरचं बोलायला मिळालं की तिचा आवाज मोकळा सुटतो, दुसरी काही तयारी लागत नाही.

बोलीवरून प्रमाण मराठीची एक अडचण सांगते. 'झाडे' की 'झाडं', 'पाणी कसे आहे' की 'पाणी कसं आहे'? एकटं मूल काहीही म्हणालं तरी चालतं. छत्तीसांपैकी अर्ध्यांनी 'कसे' आणि अर्ध्यांनी 'कसं' म्हटलं की तो शब्द कळतच नाही, नुसती गिचमिड ऐकू येते. आजच्या पनवेलमध्ये घरी गुजराती, हिंदी, तामिळ, मल्याळम बोलणारी मुलंही मराठी कविता म्हणतात. त्यांनी शब्द पुस्तकातून उचललेला असतो, मराठी घरातल्या मुलाने कानाने. म्हणून पहिल्याच वाचनाला ठरवून टाकावं आणि कागदावरही तसंच छापावं. आम्ही बोलण्यातलं रूप घेतलं, कारण अनुस्वाराचा शेवट समूहात खणखणीत येतो.

जोडाक्षरंही अशीच. पहिल्या खर्ड्यात 'प्रदूषित जलस्रोत' असा शब्द होता. बाराजणांनी म्हटल्यावर त्यातलं फक्त 'त' ऐकू आलं. तो काढला, 'रंग' घातला. संहिता तपासायची एक खात्रीची पद्धत आहे. तालीम सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि संहिता न वाचलेल्या माणसाला ऐकवून त्याला ऐकू आलं ते लिहून द्यायला सांगावं. तो जिथे कोरी जागा सोडतो तिथे दोष मुलांचा नसतो. तिथे शब्द बदलावा. बहुतेक कोऱ्या जागा ओळीच्या शेवटी पडतात, कारण मुलं शेवटचं अक्षर गिळून पुढचा श्वास घेतात. आठ अक्षरांची ओळ साडेसात अक्षरांची होते. 'शेवटचं अक्षर भिंतीला लावा' असं सांगितलं की ती सुधारतात.

आता विमानतळ. तो टाळून पनवेलची कविता होत नाही. मुलांच्या खिडकीतून तो दिसतो. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं हलली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं. अनेक घरांना त्यातून काम मिळेल हेही खरं. इथे निकाल द्यायचा नाही असं ठरवलं. दोन्ही बाजू एकाच वेळी ऐकू याव्यात एवढंच करायचं होतं.

दोन आवाज एकमेकांत गुंफण्याची उत्तम रीत अमेरिकन लेखक पॉल फ्लाइशमनच्या 'जॉयफुल नॉइझ' या पुस्तकात आहे. किड्यांवरच्या या कविता दोन आवाजांसाठी लिहिल्या आहेत आणि पानावर दोन स्तंभांत छापल्या आहेत. एका पातळीवर आलेल्या ओळी एकत्र म्हणायच्या, रिकाम्या जागी थांबायचं. १९८८ साली निघालेल्या या पुस्तकाला पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक मिळालं. आमच्या कागदावरही आम्ही दोन स्तंभ केले. पण शाळेच्या मंचावर दोन गटांना खरोखर एकत्र बोलायला लावलं तर दोन्ही बुडतात. म्हणून गावांची नावं शहराच्या श्वासात बसवली:

शहर: टेकडी होती, सपाट
गाव (एक मूल): चिंचपाडा
शहर: नदी होती, वळवली
गाव (एक मूल): कोपर, कोल्ही
शहर: धावपट्टी झाली लांब
गाव (एक मूल): तरघर
शहर: विमानं ती उतरली
गाव (एक मूल): कोंबडभुजे, गणेशपुरी

शहराचे जड आवाज पुढे पाहून बोलतात. गावाचं मूल बाजूला पाहून नाव घेतं, हाक मारल्यासारखं नाही, हजेरी घेतल्यासारखं. एकही विशेषण नाही. या आठ ओळींवर पालकांमधून जितका प्रतिसाद येतो तितका कोणत्याही शपथेवर येत नाही, कारण प्रेक्षकांत त्या गावांची माणसं बसलेली असतात.

मंचाबद्दल दोन गोष्टी. थर्माकोलची झाडं आणि प्लास्टिकची फुलं आणू नयेत. २०१८पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि या कवितेच्या मागे ती उभी करणं चूक आहे. देखावा मुलांच्या अंगातूनच होतो. 'घाशीराम कोतवाल' नाटकात १९७२ साली माणसांच्याच भिंतीने वाडा, पडदा, गर्दी सगळं करून दाखवलं होतं. आमच्याकडे बारा मुलं खांद्याला खांदा लावून उभी राहतात तेव्हा देहरंगची भिंत होते, आणि हात सोडतात तेव्हा पाणी सुटतं.

दुसरी गोष्ट माइकची. कार्यक्रम पटांगणात असेल तर समोरच्या इमारतीवरून आवाज परत येतो. इमारत चौतीस मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन-येऊन ०.२ सेकंद लागतात, म्हणजे आमच्या लयीत जवळजवळ एक पूर्ण अक्षर. मुलं तो परतीचा आवाज ऐकत बोलू लागली की दर ओळीला मागे पडतात. तालमीत चांगली असलेली कविता मंचावर रेंगाळते, ती यामुळे. मुलांना कानावर विसंबू नका, मधल्या मुलीकडे बघा, असं शिकवावं. ती मुलगी श्वास घेताना खांदे किंचित उचलते, तोच सगळ्यांचा इशारा. गटांसाठी दोन उभे माइक, रांगेपासून दीड मीटर पुढे. जवळ ठेवले तर फक्त त्या दोन-तीन मुलांचा आवाज जातो. एकेकट्या चौघांना वेगळा, हातातला माइक, आणि तो एकमेकांना देत बसायचं नाही. ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करायचा असतो. समूहवाचन नाचांच्या मागे टाकून साडेनऊला घेतलं की मुलं पेंगलेली असतात आणि आवाजवाला आटोपतं घेतो. ते पहिल्या तासातच ठेवावं.

शेवट शपथेने केला नाही. 'आम्ही झाडे लावू' हे वचन ज्यांना नळ, नाला, परवाना यातलं काहीच हातात नाही त्या मुलांकडून घेणं मला योग्य वाटत नाही. सगळ्या छत्तीस जणांचा तिसरा आणि शेवटचा एकत्र आवाज आम्ही प्रश्नासाठी ठेवला:

वहीवाली मुलगी: आजची तारीख. (ती त्या दिवसाची खरी तारीख सांगते.)
सर्व: आज पाणी कसं आहे?
कुणी पाहून आलं का?

यासाठी वहीवाल्या मुलीने खरंच जाऊन यायचं असतं. कार्यक्रमाच्या सकाळी बाईंबरोबर गाढीच्या आणि कासाडीच्या पुलावर उभं राहून पाण्याचा रंग, वास, काठावर काय पडलं आहे, पक्षी दिसला का, हे वहीत लिहायचं. प्रश्नानंतर एखादा पालक उठून म्हणाला, 'तूच सांग', तर तिच्याकडे उत्तर असलं पाहिजे.

यंदा अशी संहिता लिहायला घेणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. आमची कविता जशीच्या तशी उचलू नका. पेणला भोगावती आहे, रोह्याला कुंडलिका आहे, महाडला सावित्री आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मुलांना आधी तिथे घेऊन जा, काठावरच्या माणसांशी बोलू द्या, आणि ती जे ऐकून येतील त्यावरून आवाज ठरवा. आणि ज्या आजीची बोली मंचावर येणार आहे, तिला कार्यक्रमाला बोलावून पहिल्या रांगेत बसवा.